झोतभट्टीतील लोहनिर्मिती आणि धातुमळी

झोतभट्टी ही लोहखनिजापासून द्रवरूप लोखंड मिळवण्याची उभी, उंच व अखंड चालणारी भट्टी होय. हिच्या माथ्यावरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर आळीपाळीने सोडले जातात. तळाजवळच्या नळ्यांतून सुमारे १००० ते १२०० °से. तापमानाच्या हवेचा जोरदार झोत आत फुंकला जातो. भट्टीचे नाव यावरूनच पडले आहे. घन पदार्थ हळूहळू खाली सरकतात आणि तप्त वायू त्यांच्यामधून वर चढतो. खनिजाला तळापर्यंत पोहोचण्यास साधारणपणे सहा ते आठ तास लागतात, तर वायू अवघ्या काही सेकंदांत माथ्याबाहेर पडतो. तळाच्या कुंडात दोन द्रव साठतात. खाली जड लोखंड असते आणि त्यावर हलकी धातुमळी तरंगते.

खनिजातील ऑक्सिजन काढून टाकणे, म्हणजेच क्षपण, हे या भट्टीचे पहिले काम आहे. खनिजाबरोबर आणि कोकबरोबर आलेली अशुद्धी वेगळी करणे हे दुसरे. ही दोन कामे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. लोखंड मिळवण्यासाठी भट्टीत जी क्षपणकारी परिस्थिती निर्माण करावी लागते, तीच कोणती अशुद्धी मळीत जाईल आणि कोणती लोखंडात राहील हे ठरवते. या परिस्थितीमुळे गंधक मळीत काढता येतो, पण फॉस्फरस काढता येत नाही.

## भरणातील पदार्थ

भारतातील झोतभट्ट्यांत मुख्यतः हेमॅटाइट (Fe₂O₃) हे खनिज वापरले जाते. बारीक खनिज तसेच टाकले, तर थरांमधील फटी बुजून वायूची वाट अडते. म्हणून त्याचे भाजून ढेकळांत किंवा गोळ्यांत रूपांतर केले जाते. खनिजासोबत वाळूच्या स्वरूपातील सिलिका (SiO₂) आणि मातीतील ॲल्युमिना (Al₂O₃) या मृदा अशुद्धी येतात.

कोक तीन कामे करतो. तो जळून उष्णता देतो, त्यापासून क्षपण करणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो, आणि भट्टीच्या खालच्या भागात इतर सर्व पदार्थ वितळल्यावर तोच एकटा घन राहून वरच्या भरणाचा भार पेलतो. तिसरे काम दुसऱ्या इंधनाला करता येत नाही. त्यामुळे नळ्यांतून दगडी कोळशाची पूड फुंकून कोकची बचत करता येत असली, तरी कोक पूर्णपणे वगळता येत नाही. कोकबरोबर राख आणि गंधकही येतात. लोखंडात येणाऱ्या गंधकाचा बहुतेक भाग कोकमधूनच आलेला असतो.

चुनखडी आणि डोलोमाइट हे अभिवाह आहेत. अशुद्धीशी संयोग पावून सहज वाहणारी मळी तयार करणे हे त्यांचे काम.

## विभागवार रासायनिक क्रिया

भट्टीतील क्रिया समजण्यासाठी वायूचा प्रवास तळापासून माथ्याकडे पाहणे सोयीचे ठरते, कारण क्षपणक वायू तळाशीच तयार होतो.

### ज्वलन विभाग

नळ्यांच्या तोंडापाशी तप्त हवेच्या झोतामुळे कोकचे तुकडे गरगर फिरत जळतात. येथील तापमान २००० °से.च्या वर असते. प्रथम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पण भोवती तापलेला कोक भरपूर असल्याने तो टिकत नाही आणि लगेच कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो.

C + O₂ → CO₂

CO₂ + C → 2CO

दुसरी क्रिया उष्णता शोषून घेणारी आहे आणि सुमारे १००० °से.च्या वरच ती वेगाने चालते. ही मर्यादा भट्टीचे दोन भाग पाडते. तिच्या खालच्या, अधिक तप्त भागात कार्बन डायऑक्साइड तयार झाला तरी कोक त्याचे पुन्हा मोनॉक्साइड करतो. वरच्या, थंड भागात तो तसाच राहून वायूबरोबर बाहेर जातो.

### प्रत्यक्ष क्षपणाचा विभाग

सुमारे १००० °से.च्या वर उरलेल्या लोह ऑक्साइडचे क्षपण होते, तेव्हा हिशेबात कार्बन थेट खर्च होतो.

FeO + C → Fe + CO

वस्तुतः येथेही बहुधा मोनॉक्साइडच ऑक्सिजन काढून घेतो. पण त्यातून निघालेला डायऑक्साइड तत्काळ कोकशी संयोग पावत असल्याने एकूण परिणाम वरीलप्रमाणे दिसतो. याला प्रत्यक्ष क्षपण म्हणतात. ही क्रिया खूप उष्णता शोषते, म्हणून ती जितकी जास्त होईल तितका कोकचा खर्च वाढतो.

याच भागात साधारण १२०० ते १४०० °से. दरम्यान खनिज मऊ पडते, चिकट होते आणि वितळू लागते. या चिकट थरातून वायू जाऊ शकत नाही. तो खनिजाच्या थरांमधल्या कोकच्या थरांतून आडवी वाट काढतो. कोक आणि खनिज एकत्र न मिसळता थरांनी टाकण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

### अप्रत्यक्ष क्षपणाचा विभाग

साधारण ८०० ते १००० °से.च्या पट्ट्यात वर चढणारा मोनॉक्साइड वायू घन खनिजाच्या छिद्रांत शिरतो आणि फेरस ऑक्साइडपासून लोखंड तयार करतो.

FeO + CO → Fe + CO₂

ही क्रिया थोडी उष्णता देते, त्यामुळे भट्टी चालवणाऱ्याला ती जास्तीत जास्त व्हावी असे वाटते. तयार झालेले लोखंड घन आणि सच्छिद्र असते. ते खाली सरकताना कार्बन शोषून घेते. शुद्ध लोखंड १५३८ °से.ला वितळते, परंतु सुमारे ४ टक्के कार्बन मिसळल्यावर ते ११५० °से.च्या आसपास वितळू लागते. झोतभट्टीतून सहजपणे द्रव लोखंड बाहेर काढता येते ते यामुळेच. चुनखडीचे विघटनही याच सुमारास होऊन तिच्यापासून चुना मिळतो.

CaCO₃ → CaO + CO₂

### वरचा विभाग

माथ्याकडे, सुमारे ४०० ते ७०० °से. दरम्यान, खनिजाच्या क्षपणाच्या पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण होतात.

3Fe₂O₃ + CO → 2Fe₃O₄ + CO₂

Fe₃O₄ + CO → 3FeO + CO₂

त्याहूनही वर भरणातील ओलावा निघून जातो. भट्टीबाहेर पडणारा वायू १०० ते २५० °से. इतका निवलेला असतो.

## माथ्यावरील वायूत मोनॉक्साइड का उरतो

बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असू शकते. एकोणिसाव्या शतकात अभियंत्यांचा असा समज होता, की वायूला खनिजाच्या सान्निध्यात पुरेसा वेळ मिळत नसल्यामुळे हा मोनॉक्साइड वाया जातो. त्यावर उपाय म्हणून इंग्लंडमध्ये सुमारे ३० मीटर उंचीपर्यंतच्या भट्ट्या बांधण्यात आल्या. तरीही मोनॉक्साइडचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटले नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातलिए यांनी रासायनिक समतोलावरील आपल्या लेखनात हे उदाहरण दिले आहे. समतोलाचे नियम आधी माहीत असते तर हा खर्च टळला असता, असा त्यांचा अभिप्राय होता.

FeO + CO → Fe + CO₂ ही क्रिया उलट दिशेनेही होऊ शकते. ९०० °से. तापमानाला, कार्बनच्या या दोन ऑक्साइडांमध्ये मोनॉक्साइडचा वाटा सुमारे ७० टक्के असेपर्यंतच लोखंड तयार होते. त्याखाली तो घसरला, तर क्रिया थांबते. म्हणजे या पायरीवर दहा भाग मोनॉक्साइडपैकी सुमारे तीनच भाग कामी येतात, मग भट्टी कितीही उंच असो. उरलेला वायू निरुपयोगी मात्र नसतो. वरच्या विभागातील पहिल्या दोन पायऱ्यांना इतका तीव्र क्षपणक लागत नाही, त्यामुळे हाच वायू तेथे वापरला जातो. वायू आणि खनिज परस्परविरुद्ध दिशेने जात असल्याने सर्वांत कठीण पायरीला सर्वांत ताजा वायू मिळतो आणि सोप्या पायरीला वापरलेला वायू पुरतो. माथ्यावर उरलेला मोनॉक्साइड जाळून त्या उष्णतेवर झोताची हवा तापवली जाते.

## धातुमळी कशी तयार होते

सिलिकाचा द्रवणांक १७०० °से.हून अधिक आहे, तर ॲल्युमिना आणि चुना २००० °से.च्याही वर वितळतात. तळाच्या कुंडातील तापमान १५०० °से.च्या आसपास असते. त्यामुळे यांपैकी कोणताही पदार्थ एकटा तेथे वितळणार नाही. परंतु ते योग्य प्रमाणात एकत्र आले, की त्यांचे मिश्रण १३०० ते १४०० °से.लाच द्रवरूप होते.

CaO + SiO₂ → CaSiO₃

पाठ्यपुस्तकांत मळीचे वर्णन या एका समीकरणाने केले जाते. प्रत्यक्षात मळी हे एकच संयुग नसून चुना, सिलिका, ॲल्युमिना आणि मॅग्नेशिया यांचे द्रव मिश्रण असते. चुना आणि मॅग्नेशिया क्षारकधर्मी आहेत, सिलिका अम्लधर्मी आहे. चुन्याच्या वजनाला सिलिकाच्या वजनाने भागले असता जो आकडा येतो, त्याला मळीची क्षारकता म्हणतात. झोतभट्टीत ती बहुधा १ ते १.२५ दरम्यान ठेवली जाते.

## एक टन लोखंडाचा हिशेब

मळीचे काम किती वजनाचे असते हे पुढील नमुना हिशेबावरून दिसते. आकडे सोयीसाठी पूर्णांकांत घेतले आहेत.

एक टन द्रव लोखंडात सुमारे ९४५ किलो लोह असते. खनिजात ६३ टक्के लोह असेल, तर १,५०० किलो खनिज लागेल. त्यात ४ टक्के सिलिका आणि २ टक्के ॲल्युमिना असल्यास ६० किलो सिलिका आणि ३० किलो ॲल्युमिना भट्टीत येईल. ५०० किलो कोक लागला आणि त्याच्या राखेतून ३५ किलो सिलिका व २० किलो ॲल्युमिना आला, तर एकूण सिलिका ९५ किलो आणि ॲल्युमिना ५० किलो होईल.

या सिलिकापैकी थोड्या भागाचे क्षपण होऊन सिलिकॉन लोखंडात जातो. लोखंडात ०.६ टक्के, म्हणजे ६ किलो सिलिकॉन असेल, तर त्यासाठी सुमारे १३ किलो सिलिका खर्च होते. मळीत ८२ किलो सिलिका उरते. क्षारकता १.०५ ठेवायची असेल, तर ८६ किलो चुना हवा. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंपासून ५६ किलो चुना मिळतो, यावरून अभिवाहाचे प्रमाण ठरवता येते. डोलोमाइटमधून सुमारे २५ किलो मॅग्नेशियाही दिला जातो. या सर्वांची आणि इतर किरकोळ घटकांची बेरीज केली, तर मळीचे वजन सुमारे २५० किलो भरते. दर चार टन लोखंडामागे एक टन मळी असा हा हिशेब आहे.

## गंधकाचे निष्कासन

गंधक लोखंडात राहिला, तर पोलादाच्या कणांच्या सीमांवर सहज वितळणारे लोह सल्फाइड साचते आणि तापवून ठोकताना किंवा लाटताना पोलाद तडकते. कुंडात लोखंडाचे थेंब मळीच्या थरातून खाली जातात, तेव्हा गंधक मळीत ओढला जातो.

FeS + CaO + C → Fe + CaS + CO

या समीकरणातून तीन अटी निघतात. मोकळा चुना हवा, म्हणजे मळी क्षारकधर्मी असावी. तापमान उच्च हवे, कारण ही क्रिया उष्णता शोषते. आणि कार्बनने ऑक्सिजन ओढून न्यावा, म्हणजे परिस्थिती क्षपणकारी असावी. तिसरी अट झोतभट्टीत आपोआप पुरी होते. म्हणूनच गंधक काढण्यासाठी पोलादाच्या भट्टीपेक्षा झोतभट्टी अधिक अनुकूल असते.

वरील हिशेब पुढे नेला, तर मळीच्या वजनाचे महत्त्व कळते. ५०० किलो कोकमध्ये ०.६ टक्के गंधक असेल, तर ३ किलो गंधक भट्टीत येतो. मळीतील गंधकाची टक्केवारी लोखंडातील टक्केवारीच्या २६ पट असते असे धरू. मळी २५० किलो असताना सुमारे २.६ किलो गंधक मळीत जाईल आणि ०.४ किलो लोखंडात राहील, म्हणजे लोखंडात गंधक ०.०४ टक्के. आता इतर काहीही न बदलता मळी निम्मी केली, तर लोखंडातील गंधक सुमारे ०.०७ टक्क्यांवर जाईल. याउलट मळी वाढवली, तर ती वितळवण्यासाठी अधिक कोक लागतो आणि त्या कोकबरोबर आणखी गंधक येतो. म्हणून मळी वाढवत नेणे हा उपाय एका मर्यादेपर्यंतच चालतो. आज अनेक कारखान्यांत उरलेला गंधक भट्टीबाहेर, द्रव लोखंडात मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमयुक्त पूड फुंकून काढला जातो.

## फॉस्फरसची अडचण

फॉस्फरसमुळे पोलाद थंड असताना ठिसूळ होते. तो खनिजात फॉस्फेटच्या रूपात येतो आणि झोतभट्टीतील तीव्र क्षपणकारी परिस्थितीत त्याचे जवळजवळ पूर्ण क्षपण होते.

P₂O₅ + 5C → 2P + 5CO

मुक्त झालेला फॉस्फरस लोखंडात विरघळतो. मळीत त्याला धरून ठेवायचे तर तो ऑक्साइडच्या रूपात असावा लागतो. परंतु तेवढा ऑक्सिजन उपलब्ध असेल अशी परिस्थिती ठेवली, तर लोह ऑक्साइडचेही क्षपण होणार नाही आणि लोखंडच मिळणार नाही. त्यामुळे मळीत चुना कितीही वाढवला तरी झोतभट्टीत फॉस्फरस निघत नाही. वरील उदाहरणात खनिजात ०.०८ टक्के फॉस्फरस असेल, तर त्यातून १.२ किलो फॉस्फरस येईल आणि लोखंडातील प्रमाण किमान ०.१२ टक्के होईल.

या गोष्टीचा औद्योगिक इतिहासावर मोठा परिणाम झाला. हेन्री बेसेमर यांनी १८५६ साली जाहीर केलेल्या पद्धतीत द्रव लोखंडातून हवा फुंकून पोलाद तयार होत असे, पण पात्राला सिलिकायुक्त अस्तर असल्याने क्षारकधर्मी मळी वापरता येत नव्हती. फॉस्फरसयुक्त खनिजापासून मिळालेले लोखंड त्यामुळे पोलादासाठी निरुपयोगी ठरले. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस आणि त्यांचे मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी डोलोमाइटचे क्षारकधर्मी अस्तर वापरून आणि चुना घालून १८७९ पर्यंत हा प्रश्न सोडवला. पोलादाच्या भट्टीत ऑक्सिजन भरपूर असतो, त्यामुळे तेथे फॉस्फरस ऑक्साइडच्या रूपात मळीत जातो. त्यानंतर लोरेन प्रदेशातील फॉस्फरसयुक्त खनिजाला मोल आले, आणि फॉस्फरसयुक्त मळी खत म्हणून विकली जाऊ लागली.

## सिलिकॉन आणि मँगॅनीज

या दोन मूलद्रव्यांचे वाटप तापमानावर अवलंबून असते. मँगॅनीजचा बराच भाग लोखंडात आणि उरलेला मळीत जातो. सिलिकाचे क्षपण लोह ऑक्साइडपेक्षा फार कठीण असून ते अतितप्त भागातच होते.

SiO₂ + 2C → Si + 2CO

तळाचा भाग जितका तप्त, तितका लोखंडात सिलिकॉन अधिक. त्यामुळे लोखंडातील सिलिकॉनचे प्रमाण भट्टीच्या आतील उष्णतेचा निदर्शक म्हणून पाहिले जाते. सिलिकॉन उतरत असताना गंधक चढू लागला, तर भट्टी थंड पडत आहे असा त्याचा अर्थ होतो.

## मळीतील बिघाड आणि त्यांच्या खुणा

मळी बाहेर सोडताना तिचे वाहणे आणि थिजलेल्या नमुन्याचा रंग यांवरून अनुभवी कामगारांना भट्टीची स्थिती कळते. नीट चालणाऱ्या भट्टीची मळी फिकट राखाडी असते. काळी, जड मळी तिच्यात लोह ऑक्साइड शिल्लक असल्याचे, म्हणजेच क्षपण अपुरे आणि भट्टी थंड असल्याचे दर्शवते. चुन्याचे प्रमाण फार वाढले, तर थंड होताना मळीचा खडा आपोआप फुटून त्याची पूड होते. थंड होताना डायकॅल्शियम सिलिकेटच्या स्फटिकांचे आकारमान वाढणे हे याचे कारण आहे.

अम्लधर्मी मळी लांब तार धरून वाहते आणि काचेसारखी थिजते; तिच्यामुळे गंधक नीट निघत नाही. मग क्षारकता वाढवत का नेली जात नाही? त्याला दोन कारणे आहेत. पहिले, चुना ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मळीचा द्रवणांक वाढतो, ती घट्ट होते आणि कोकमधून खाली झिरपत नाही. कुंडाच्या वर द्रव साचू लागला, की वायूची वाट अडते आणि भरण अधांतरी लटकते. ते अचानक घसरले, तर भट्टीतील दाब आणि तापमान दोन्ही बिघडतात. दुसरे कारण सोडियम आणि पोटॅशियम यांच्या संयुगांचे. ती तळाशी वाफेच्या रूपात वर जातात, थंड भागात थिजतात आणि भरणाबरोबर पुन्हा खाली येतात. या चक्रात साचत जाऊन ती कोक कमकुवत करतात आणि भिंतींवर पापुद्रे धरतात. त्यांना बाहेर नेण्यास कमी क्षारकतेची मळी अधिक उपयोगी पडते. गंधकासाठी एक दिशा हवी आणि या संयुगांसाठी तिच्या उलट, म्हणून क्षारकतेचा आकडा हा नेहमी तडजोडीचा असतो.

भारतीय भट्ट्यांत ॲल्युमिनाची आणखी एक अडचण आहे. खनिज आणि कोकची राख या दोहोंत त्याचे प्रमाण अधिक असते. वरील हिशेबात २५० किलो मळीत ५० किलो, म्हणजे २० टक्के ॲल्युमिना येतो. इतक्या प्रमाणात तो मळी घट्ट करतो. मॅग्नेशिया तिचा पातळपणा राखतो, म्हणून डोलोमाइट घातला जातो. शिवाय खनिज धुऊन त्यातील चिकणमाती आधीच कमी केली जाते.

## मळीचा उपयोग

बाहेर काढलेली द्रव मळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकदम थंड केली, तर तिचे वाळूसारखे काचमय कण होतात. हे कण दळून सिमेंटमध्ये मिसळल्यास पाणी आणि चुन्याच्या सान्निध्यात ते स्वतः सिमेंटप्रमाणे घट्ट होतात. पोर्टलंड स्लॅग सिमेंट याच मळीपासून बनते. तीच मळी सावकाश थंड होऊ दिली, तर ती दगडासारखी स्फटिकमय होते. तिच्यात हा गुण जवळजवळ राहत नाही आणि ती रस्त्यासाठी खडी म्हणून वापरली जाते.